बाळाच्या तोंडातली लाखेची रिंग

आधी माफी मागतो. ज्याला मूलबाळ नाही, ज्याचं अजून शिक्षणही पुरं झालेलं नाही, त्यानं तान्ह्या बाळांच्या खेळण्यांवर लिहावं हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावी मी काही लिहितो हे कळलं तर आई एवढंच विचारेल, "हाई काय शे? परीक्षामा इचारतस का?" परीक्षेत विचारत नाहीत. तरीही लिहितो, कारण त्या दिवसांत मी जितका आनंदात होतो तितका निकालाच्या दिवशीसुद्धा नव्हतो, आणि तो आनंद कशाचा होता हे मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

मी जळगावला रसायनशास्त्र शिकतो आणि पिंप्राळ्यात ताईकडे राहतो. दाजी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेत. घराच्या पुढच्या खोलीत ताईनं बाळाच्या वस्तूंचं दुकान काढलं आहे. झबली, टोपडी, दुपटी, पाळण्यावर टांगायच्या चिमण्या, खुळखुळे आणि टीदर. टीदर म्हणजे दात येताना हिरड्या शिवशिवतात तेव्हा बाळानं चावायचं खेळणं. ताईच्या स्वतःच्या मुलीच्या हिरड्या तेव्हा नुकत्याच शिवशिवायला लागल्या होत्या. ती हातात येईल ते तोंडात घालायची, माझ्या गळ्यातली कॉलेजच्या ओळखपत्राची दोरीसुद्धा. ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मला पाहिलं की म्हणायच्या, "मामा, देवाला सांगून ठेव. वरचा दात आधी आला तर मामाला जड असतो."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. मी हसायचो. पण रोज बाळाच्या वरच्या हिरडीकडेही एकदा बघून घ्यायचो.

सगळं सुरू झालं ते बँकेत नोकरीला असलेल्या एका वहिनींमुळे. त्या आमच्याच कॉलनीतल्या, ताईच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. एका सकाळी त्या स्कूटी बाहेरच लावून आत आल्या आणि पिशवीतून एक लाकडी रिंग काढून काउंटरवर ठेवली. धुळ्याला खरादीवर, म्हणजे लाकूड कातायच्या चाकावर, काम करणाऱ्या एका आबांकडून ताई त्या रिंगा आणायची. कुड्याच्या झाडाचं पांढरं लाकूड, बाहेरच्या अंगाला लाखेचे लाल-हिरवे पट्टे, आतलं अंग कोरं. दुकानातली ताईची सगळ्यात लाडकी वस्तू.

"हे बघा," वहिनी म्हणाल्या. "काल धुतली. गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश. आणि हे असं झालं."

रिंगेच्या कोऱ्या भागावर लालसर डाग पसरले होते. लाखेची चकाकीही गेली होती, पट्टे पिठूळ दिसत होते.

"रंग सुटला," ताई हळूच म्हणाली.

"सुटला तो पाण्यात तरी दिसला. आधी महिनाभर बाळाच्या पोटात किती गेला असेल?" वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी अजून कॉलनीच्या ग्रुपवर काही टाकलेलं नाही. तुमच्याकडून उत्तर हवंय. हा रंग विषारी आहे की नाही, एवढंच."

ताईनं मागे पाहिलं. आतल्या खोलीत तिची मुलगी अक्कांच्या मांडीवर बसून तसलीच रिंग चघळत होती. ताईनं जाऊन ती तिच्या तोंडातून काढली. पोरीनं असा टाहो फोडला की वहिनींनाच वाईट वाटलं.

"थोडा वेळ द्या वहिनी," ताई म्हणाली. "उत्तर देते. नाही देता आलं तर लाकडी खेळणी दुकानातून कायमची काढते आणि ग्रुपवर मीच तसं लिहिते."

वहिनी गेल्यावर ताई माझ्याकडे वळली. "तू केमिस्ट्री शिकतोस ना? मग सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या विषयातलं काहीतरी खऱ्या गरजेनं विचारलं होतं. मी घाबरलो, आणि त्याच वेळी मला नाचावंसं वाटलं. ताईचा चेहरा उतरलेला असताना नाचणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी फक्त, "सगळेच टीदर बघावे लागतील," असं म्हणालो.

त्या दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही सतरंजीवर सगळे टीदर मांडले. एका बाजूला लाकडी, एका बाजूला सिलिकॉनचे, तिसऱ्या बाजूला कडक प्लॅस्टिकचे. आमच्या घरी वापरलेले आणि शेजारणींकडून मागून आणलेले जुने टीदरही होते. नवं खेळणं सगळं चांगलंच दिसतं, चावून झाल्यावर ते कसं होतं ते बघायचं, हे डोकं ताईचं. दाजी जेवायला आले होते. ताट हातात घेऊन ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाजार भरला वाटतं. वांगी कुठे मिळतील?"

"वांगी नाही, बदक आहे. घ्या चावून, सांगा कसं लागतं," ताई म्हणाली.

दाजींनी खरंच प्लॅस्टिकचं बदक हातात घेतलं, पण चावलं नाही. त्यांच्या कारखान्यात दिवसभर प्लॅस्टिकच, त्यामुळे त्यांचं बोट आपोआप बदकाच्या पोटावरच्या जोडावरून फिरलं. "हा जोड बघ. साच्याचे दोन अर्धे भाग चिकटवलेत. कडेला धार राहिलीय. आणि इथे फट आहे, धुताना यात पाणी शिरणार."

मी बदक कानाजवळ नेऊन हलवलं. आतल्या मण्यांच्या आवाजात पाण्याचा बारीकसा आवाज मिसळलेला होता. ते शेजारणीकडचं जुनं बदक होतं, रोज निगुतीनं धुतलेलं. दाजींनी सुरीनं जोड उकलला. आत काळी बुरशी धरली होती आणि मणी एवढे बारीक होते की बाळाच्या घशात सहज गेले असते.

"व माय," ताई खाली बसली.

त्याच प्लॅस्टिकमधली एक साधी रिंग मात्र चांगली निघाली. एकसंध, पोकळ नसलेली, आणि रंग वरून लावलेला नाही तर प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला. चावून चावून तिच्यावर पांढरे ओरखडे आले होते, पण ओरखड्याच्या खालीही तोच निळा रंग. बदकाची चोच आणि डोळे मात्र वरून रंगवलेले. मी ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोच घासली. फडकं स्वच्छ राहिलं. "चोच पक्की आहे," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मला पुढे बरेच दिवस ते विसरता आलं नाही.

सिलिकॉनचं काम सोपं वाटलं. पाच मिनिटं उकळलं तरी काही होत नाही, वास नाही, कुठे जोड नाही. फक्त पिशवीतला सगळा कचरा त्याला चिकटतो, दुपट्याचे धागे, अक्कांचे केससुद्धा. पण एका जुन्या सिलिकॉनच्या केळ्यावर ताईला दातानं पडलेली बारीक चीर सापडली. ताईनं ती दोन्ही बाजूंनी जरा ताणली आणि आमच्या डोळ्यांदेखत चीर कडेपर्यंत धावली. तुकडा तिच्या हातात आला.

"म्हणजे दात येईपर्यंत हे उत्तम," ताई म्हणाली, "आणि दात आला की रोज बघायचं. चीर दिसली की फेकायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

"आणि केळं असून आपल्या फैजपूरच्या बागेतलं नाही," दाजी म्हणाले. "फैजपूरचं असतं तर फाटलं नसतं."

लाकडी रिंगेची पाळी मी शेवटी ठेवली. खरं सांगायचं तर मला ती निर्दोष निघायला हवी होती, आणि म्हणूनच मी तिच्यावर जास्त कडक व्हायचं ठरवलं. ओलं फडकं घासलं. रंग नाही. लिंबाच्या पाण्यानं घासलं. रंग नाही. मग मला सुचलं ते सॅनिटायझर. ताई दुकानात आलेली खेळणी त्यानंच पुसायची. मी कापसावर चार थेंब घेतले, लाखेच्या पट्ट्यावर फिरवले, आणि कापूस लालभडक झाला.

ताईनं सगळ्या लाकडी रिंगा एका पिशवीत भरल्या आणि पिशवीला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी आणि तो लाल कापूस घेऊन मी आमच्या मॅडमसमोर उभा राहिलो. मॅडम प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होत्या. मी सगळं सांगितलं. बोलताना माझी नेहमीसारखीच वाक्यं तुटत होती. गावाकडची बोली मध्येच येते की काय या धाकानं मी कॉलेजात अजून जपून बोलतो.

मॅडमनी कापूस पाहिला. "लाख कशात विरघळते?"

"अल्कोहोलमध्ये," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच माझी चूक मला दिसली.

"सॅनिटायझर म्हणजे काय?"

"अल्कोहोल."

"तुमच्या भाचीच्या लाळेत अल्कोहोल आहे का?"

मागे दोन मुली हसल्या. मीही हसलो, कारण छातीवरचा दगड बराचसा हलला होता. मॅडमनी लाळेच्या जवळपास जाणारं मिठाचं सौम्य द्रावण करून दिलं. त्यात भिजवलेला पांढरा गाळणकागद मी रिंगेच्या लाखेभोवती गुंडाळला, तो अंगाइतक्या उबेत ठेवला. काढला तेव्हा तो पांढरा होता. मी तो उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिला.

"इतक्यात नाचू नका," मॅडम म्हणाल्या. मी नाचत नव्हतो, पण त्यांना दिसलं असावं. "यानं फक्त एवढंच कळलं की लाळेनं रंग कागदावर उतरत नाही. त्या रंगात शिसं आहे की नाही ते कागद सांगत नाही. शिसं असलेला रंग दगडासारखा पक्का असू शकतो. आणि बाळ नुसतं चाटत नाही, खरवडून गिळतं. त्याची तपासणी वेगळी. रंग खरवडून घेतात, पोटातल्या आम्लाइतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, शरीराच्या तापमानाला ठेवतात, हलवतात, आणि त्यातून किती शिसं, कॅडमियम, क्रोमियम बाहेर आलं ते यंत्रावर मोजतात. ते यंत्र आपल्याकडे नाही. मान्यता असलेल्या लॅबला पाठवा."

मग त्यांनी विचारलं, "खेळण्यांवर आयएसआयचं मानक चिन्ह आहे का?"

सिलिकॉनच्या टीदरच्या खोक्यांवर होतं, निळ्या रिंगेच्या खोक्यावरही होतं. बदकांवर नव्हतं, ती एका फेरीवाल्याकडून सुटी घेतलेली होती. आणि धुळ्याच्या आबांची हस्तकला कारागीर म्हणून नोंद असल्यानं त्यांना त्या चिन्हातून सूट होती. "म्हणजे या दोन वस्तू कुणी तपासलेल्याच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही पाठवा."

पण एक गोष्ट मॅडमलाही सांगता आली नाही. लाखेचा रंग सुटत नसेल, तर बँकेतल्या वहिनींच्या रिंगेवर ते लाल डाग कुठून आले? "गरम पाणी आणि सोड्यासारखा कडक साबण, लाख थोडी सुटली असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांचा स्वर पक्का नव्हता, आणि डाग तर लाखेपासून लांब, आतल्या कोऱ्या बाजूला जास्त होते.

उत्तर सापडलं ते मोरीत. ताईनं ठरवलं होतं की कोणतं लाकूड कसं धुवायचं हे आपल्याला माहीत हवं. खरादी आबा काही रिंगा अजिबात न रंगवता देत, नुसतं गुळगुळीत पांढरं लाकूड. तसली एक कोरी रिंग घेऊन ताई कपड्याच्या साबणानं घासत होती. मी बाहेर अभ्यासाला बसलो होतो.

"ए, इकडे ये. लवकर."

तिच्या हातातली रिंग लाल झाली होती. जिच्यावर रंगाचा एक ठिपकाही नव्हता, ती रिंग.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ताई म्हणाली, "हा लाल मी पाहिलाय. तुझ्या शाळेच्या शर्टावर वरण सांडायचं, मी साबण लावायचे, आणि डाग असा..."

"हळद," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी स्वयंपाकघरात पळालो, अर्धं लिंबू आणलं, डागावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. पुन्हा साबण लावला, लाल. पुन्हा लिंबू, पिवळा. आम्ही हे इतक्या वेळा केलं की बाळाला ती जादू वाटली आणि ती टाळ्या पिटल्यासारखे हात हवेत मारायला लागली. हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात होता, मी त्यावर गुणही मिळवले होते. पण तेव्हा मला वाटलं होतं की तो पुस्तकातच राहतो.

आता प्रश्न, लाकडावर हळद आली कुठून? त्याचं उत्तर मागेच उभं होतं, कमरेवर हात ठेवून.

"मी लावते," अक्का म्हणाल्या. "दुकानात नवा माल आला की प्रत्येक वस्तूला हळदीचं बोट लावते. लेकराची वस्तू आहे, दृष्ट लागू नये. कुंकू नाही लावत हो. ते तोंडात जाईल. हळद तर खायचीच ना? मग कोरड्या फडक्यानं पुसून ठेवते. काय झालं?"

प्लॅस्टिकवरून आणि सिलिकॉनवरून ती पुसली जात होती. लाखेवरूनही. कोऱ्या लाकडाच्या रेषांत मात्र ती मुरून बसत होती, आणि पांढऱ्या लाकडावरची ती फिकी पिवळी छटा आम्हाला लाकडाचीच वाटत होती. वर वहिनींचा गरम पाण्यातला साबण. सगळं जुळलं.

मला वाटलं आता ताई चिडेल. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आई, अहो तुमच्या आशीर्वादानं दुकान बंद पडत होतं."

अक्कांनी विचारलं, "हळद वाईट का?"

"वाईट नाही," मी अडखळत म्हणालो. "पण बाजारातल्या हळदीत काय मिसळलेलं असतं, ते आपल्याला... म्हणजे, जिथे बाळाचं तोंड जातं तिथे नको."

"मग खोक्याला लावेन," अक्का म्हणाल्या. "दृष्ट काय, खोक्यावरूनही उतरते."

संध्याकाळी वहिनींना बोलावलं. ताईनं त्यांच्याच रिंगेवर लिंबू पिळलं. वहिनींनी स्वतः साबण लावून पाहिला, मग लिंबू, मग पुन्हा साबण. "माझ्या ड्रेसवरचा डाग असाच होतो," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पण त्या बँकेतल्या. रिंग खाली ठेवून म्हणाल्या, "हे डागाचं झालं. मी विचारलं होतं रंगाचं. लाखेत विष आहे की नाही?"

"ते लॅब सांगेल," ताई म्हणाली. "तोवर एकही लाकडी रिंग विकणार नाही. माझ्या मुलीलाही देणार नाही."

वहिनींनी मान हलवली. मला त्या क्षणी ताईचा फार अभिमान वाटला. ती बारावीनंतर शिकली नाही, कारण पुढचं शिक्षण माझ्या वाट्याला आलं. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही, इथे लिहिलं तेवढंच.

लाखेची रिंग आणि रंगीत चोचीचं नवं बदक, दोन्ही कुरिअरनं लॅबला गेले. वाट बघण्याच्या त्या दिवसांत घरात एक नवीन रीत पडली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ताई बाळाचे टीदर उजेडात घेऊन बसायची. सिलिकॉनच्या रिंगेवर बोट फिरवायची, ताणून चीर बघायची, मग उकळायला टाकायची. निळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यावर लिहिलं होतं की उकळू नका, म्हणून ती साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायची. अक्का शेजारी बसून विचारायच्या, "दात?" ताई म्हणायची, "अजून नाही." मग दोघी माझ्याकडे बघायच्या, जणू वरचा दात थोपवून धरणं माझ्या हातात होतं.

मी मात्र दाजींशी पैज लावली होती. माझं म्हणणं, दोन्ही पास. चोचीनं तर फडक्यावर एक कणही सोडला नव्हता. दाजी म्हणाले, "तुझ्या मॅडम म्हणाल्या ना, पक्का म्हणजे चांगला नव्हे. मी कारखान्यात बघतो, जो रंग सगळ्यात पक्का त्याचीच पोती हातमोजे घालून उचलायला सांगतात."

एका रविवारी ताईनं मला धुळ्याला पाठवलं. अहवाल काहीही येवो, आबांना सगळं समोर बसून सांगायला हवं, फोनवर नको, असं तिचं म्हणणं. बसमधून उतरून मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचलो तेव्हा खराद चालू होती. फिरत्या लाकडावर आबा लाखेची लाल कांडी टेकवत होते. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळत होती आणि पट्टा उमटत होता. मग केवड्याचं पान धरून त्यांनी त्याला चकाकी आणली.

"ये भाऊ, बस. च्या लेस का?"

मी चहा घेतला आणि हळदीची गोष्ट सांगितली. आबा इतके हसले की त्यांना खराद बंद करावी लागली. "मन्ही लाख बदनाम, आनि चोर हळद."

मग मी भीत भीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, चावून आणि धुऊन आतल्या कोऱ्या अंगाला बारीक तंतू उठतात, लाकूड फुलतं. ते आधीच एकदा ओलं करून, वाळवून, पुन्हा घासलं तर? आबांनी मान डोलावली. ते करता येतं, पण वेळ लागतो म्हणून अलीकडे करत नव्हते. आता करीन म्हणाले. दुसरी, रिंगेसोबत एक चिठ्ठी द्यायची. भिजत ठेवू नका, गरम पाणी, सोडा, सॅनिटायझर नको. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडी करा, लाकूड उकललं तर देऊ नका.

तिसरी गोष्ट मला विचारायची होती. रिंग लॅबला तपासायला गेली आहे हे सांगून मी विचारलं, "आबा, लाखेतला रंग कोणता वापरता?"

आबांनी हातातली लाखेची कांडी खाली ठेवली. मग म्हणाले की दुकानदार खाण्याच्या रंगाचे म्हणून देतो ते घेतो, आणि विश्वास ठेवतो. "तपासनं माले काय जमस? माले वाटस चांगला शे. पन वाटनं आनि व्हनं, दोन वेगळ्या गोष्टी." माझ्या ध्यानात आलं की या माणसाची उरलेली सगळी कामं लॅबच्या त्या एका कागदावर टेकली आहेत. ताईसारखीच आणखी काही दुकानं त्यांच्याकडून माल घेत होती.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"कुठे आहेस?"

"आबांपाशी."

"फोन त्यांना ऐकू येईल असा धर."

मी स्पीकर लावला. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लॅबचा ईमेल आलाय. मी दोनदा वाचलं, वहिनींकडून वाचून घेतलं, मग तुला लावला. लाखेची रिंग, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, बाकीचे सगळे, मर्यादेच्या खाली. पास."

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली, नीट, दोन्ही हातांनी.

"आणि बदक?" मी विचारलं.

"नापास. चोचीच्या पिवळ्या रंगात शिसं मर्यादेच्या बरंच वर. जो रंग फडक्यावर उतरत नव्हता तोच. मी सगळी बदकं काढली आणि ज्यांनी ज्यांनी नेली त्यांना सांगायला ग्रुपवर लिहिलं. वहिनींनी खाली लिहिलंय की हे दुकान स्वतःहून सांगतं. तुझे दाजी म्हणतायत पैज त्यांनी जिंकली, येताना तू शेव आण."

चोच पक्की आहे, हे माझं वाक्य डोक्यात घुमत होतं, आणि तरीही मला पळत सुटावंसं वाटत होतं. आबांनी खराद सुरू केली होती.

"ऐकतोयस का? अजून एक आहे," ताईचा आवाज खरादीच्या घरघरीतून आला. "सकाळी टीदर बघत होते. सिलिकॉनच्या रिंगेवर एक नवीन चीर, नखाएवढी. काल नव्हती. रिंग फेकली आणि पोरीच्या तोंडात बोट घातलं. आहे. टोचतोय. अक्का म्हणतात मामाला सांग, निवांत राहा. खालचा आहे."